पावणेतीनला ३०७ मधून फोन येतो तेव्हा: गेस्टची तब्येत अचानक बिघडल्यास हॉटेल स्टाफने काय करायचं

बहुतेक हॉटेलांत आणीबाणीच्या सूचनांची फाइल असते. ती इंग्रजीत असते आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये असते. रात्री गेस्टला त्रास होतो तेव्हा मात्र खोलीच्या दारात पहिला पोचतो तो हाउसकीपिंगचा मुलगा, नाहीतर वॉचमन मामा. फाइल त्यांच्या हातात कधी पडलेली नसते, आणि पडली तरी ती त्यांच्या भाषेत नसते. मी महाबळेश्वरला बरीच वर्षं फ्रंट ऑफिसला काढली. तिथे रात्रपाळीच्या मुलांना जे शिकवत आलो, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आजार शंभर प्रकारचे असतात, पण ते सगळे स्टाफला शिकवायची गरज नाही. स्टाफची कामं तीनच. एकाने गेस्टजवळ थांबायचं, एकाने फोनवर राहायचं आणि एकाने अँब्युलन्सला गेटपासून खाटेपर्यंत आणायचं. ही तीन कामं तीन माणसांत आधीच वाटलेली असली की रात्रीचे तीन जण पुरतात. वाटलेली नसली, तर दहा माणसं खोलीत उभी राहतात आणि गेटवर कोणीच नसतं.

आमच्या सरावातला प्रसंग घेऊ. तीन मजली हॉटेल, रात्री रिसेप्शनला एक जण, हाउसकीपिंगचा एक मुलगा, गेटवर एक वॉचमन. २ वाजून ४३ मिनिटांनी ३०७ मधून इंटरकॉम वाजतो.

पहिला फोन

त्या फोनवर कोणी "हार्ट अटॅक आलाय" असं म्हणत नाही. ३०७ मधल्या मॅडम म्हणतात, "भैया, ॲसिडिटीची गोळी मिळेल का? यांना जरा बरं वाटत नाहीये." नवीन मुलगा इथे गोळी शोधायला लागतो. तुम्ही तसं करू नका. गोळीची मागणी आली की आधी तीन प्रश्न विचारा:

"मॅडम, त्यांना नेमकं काय होतंय?"
"ते नीट बोलतायत का? श्वास नीट घेतायत का?"
"हे कधीपासून होतंय?"

आपल्या मॅडमचं उत्तर असं: छातीत दडपल्यासारखं होतंय, डावा हात भरून आलाय, घामाने बनियन भिजलंय, अर्धा तास झाला. वय ५४. एवढं कळल्यावर पुढे विचारायचं काही उरत नाही. छातीत दडपण आणि त्यासोबत घाम, धाप किंवा हाताला, जबड्याला, पाठीला जाणारी कळ असेल, तर ते हृदयाचं आहे असंच धरून चालायचं. उद्या ते पित्त निघालं तर चांगलंच आहे. बाईमाणसांत आणि मधुमेहाच्या पेशंटमध्ये छातीत न दुखता नुसती मळमळ, धाप किंवा विलक्षण थकवाही असू शकतो, म्हणून "छातीत दुखत नाही ना, मग काही नाही" असं कधी म्हणू नका.

फोन ठेवण्याआधी मॅडमना एवढं सांगा: "मॅडम, त्यांना बसतं करा, पाठीला उशा लावा, चालू देऊ नका. दाराची साखळी काढून ठेवा. आमचा मुलगा वर येतोय, मी अँब्युलन्स बोलावतो." साखळीचं वाक्य विसरू नका. मास्टर कीने कुलूप उघडतं, आतली साखळी उघडत नाही. पुढच्या पाच मिनिटांत खोलीतला माणूस बेशुद्ध झाला आणि सोबत कोणी नसेल, तर ती साखळी कापावी लागते. तेवढ्यासाठी बोल्ट कटर रिसेप्शनच्या मागे असावा, तळघरातल्या मेंटेनन्सच्या खोलीत नको.

१०८ ला काय सांगायचं

महाराष्ट्रात १०८ ही सेवा मोफत आहे आणि त्या अँब्युलन्समध्ये डॉक्टर असतात. १०८ लागत नसेल तर ११२ लावा. मालकांना किंवा मॅनेजरला आधी फोन करायचा नाही. मी हे प्रत्येक मुलाला सांगतो, कारण प्रत्येकाला नोकरीची काळजी असते आणि त्याचा हात आधी मालकाच्या नंबरकडे जातो. अँब्युलन्स बोलवायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि हे वाक्य मालकांनी स्वतः सही करून रिसेप्शनच्या आत लावलेलं असावं.

फोनवर बोलायचा मजकूर आधीच लिहून टेलिफोनशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला रोजचा पत्ताही आठवत नाही. आमचा मजकूर असा होता:

"मी महाबळेश्वरहून हॉटेल (नाव) मधून बोलतोय. आमच्या एका गेस्टच्या छातीत अर्ध्या तासापासून दडपण आहे, घाम आलाय. पुरुष, वय ५४. शुद्धीवर आहेत, बोलतायत. तिसरा मजला, खोली ३०७. हॉटेल (अमुक) पॉइंटच्या रस्त्यावर, (तमुक) देवळाच्या पुढे डावीकडे. गेटवर आमचा माणूस टॉर्च घेऊन उभा आहे. माझा मोबाइल नंबर हा."

खुणेची जागा अशी द्या की ती रात्री, धुक्यात आणि बंद दुकानांत दिसेल. "लाल बोर्डाचं आइस्क्रीमचं दुकान" ही दिवसाची खूण आहे. पावसाळ्यात महाबळेश्वरला दहा फुटांवरचं दिसत नाही, तिथे खूण म्हणजे वळण, पूल किंवा हायमास्टचा दिवा. लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवता आलं तर पाठवा, पण रेंज गेली तर हे तोंडी वर्णनच कामाला येतं.

समोरच्याने "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. ते प्रश्न विचारतात, काय करायचं ते सांगतात, आणि गाडी कुठून निघतेय आणि किती वेळ लागेल हेही सांगतात. तो वेळ विचारून लिहून ठेवा. घाटात हा आकडा महत्त्वाचा असतो. गाडी पंधरा मिनिटांवर असेल तर थांबायचं. चाळीस मिनिटांवर असेल तर १०८ वरच्याच माणसाला विचारायचं: जवळच्या दवाखान्यात आमच्या गाडीने न्यायचं का, की जवळची दुसरी अँब्युलन्स बोलवायची? हा निर्णय त्यांना विचारून घ्या. गेस्टला स्वतःच गाडीत घालून घाट उतरायला लागलात आणि वळणावर त्याचं हृदय थांबलं, तर मागच्या सीटवर काहीच करता येत नाही.

नंतर मॅनेजरला फोन, मग हॉटेलने ठरवलेल्या डॉक्टरांना. डॉक्टर जवळ राहत असतील तर ते अँब्युलन्सच्या आधी पोचू शकतात. मात्र डॉक्टर येऊन बघतील आणि मग अँब्युलन्सचं ठरवू, असं करू नका. दोन्ही एकदमच निघू द्या.

खोलीत गेलेल्याने काय करायचं

हाउसकीपिंगचा मुलगा २ वाजून ४६ मिनिटांनी दारात आहे. हातात मोबाइल, फर्स्ट एडची पेटी आणि मास्टर की. दार वाजवून स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगायचा: "सर, मी हाउसकीपिंगमधून आलोय, मदतीला." गेस्ट एकटी महिला असेल तर सोबत महिला सहकारी घ्या, पण ती नसेल तर तिची वाट बघत बाहेर थांबू नका. दार उघडं ठेवून आत जा, खोलीतला दिवा लावा.

गेस्ट शुद्धीवर आहे आणि बोलतोय. अशा वेळी करायचं थोडं असतं, टाळायचं जास्त. पाठ टेकवून, गुडघे दुमडून बसवा. शर्टाची बटणं, पट्टा सैल करा. खिडकी उघडा, पण महाबळेश्वरच्या थंडीत अंगावर पातळ शाल राहू द्या. त्याला बाथरूमपर्यंतही चालू देऊ नका. छातीत त्रास असलेल्या माणसाला पोट साफ झालं की बरं वाटेल असं वाटतं, तो उठायला बघतो, आणि बाथरूममध्येच कोसळतो. बाथरूममध्ये जागा अरुंद, फरशी ओली आणि दार आतून लावलेलं, त्यामुळे तिथून त्याला बाहेर काढण्यातच मिनिटं जातात.

पाणी, चहा, लिंबू सरबत काही देऊ नका. आपल्या पेटीतली गोळी देऊ नका, डोकेदुखीचीही नाही. गेस्टची स्वतःची औषधं असतील तर ती त्याच्या हाताशी आणून द्या, घ्यायची ती तो स्वतः घेईल. ॲस्पिरिनबद्दल खूप जण विचारतात. ती गोळी हृदयाच्या झटक्यात उपयोगी असते हे खरं, पण काही जणांना तिची ॲलर्जी असते, कोणाला पोटात रक्तस्राव होत असतो. म्हणून १०८ वरच्या किंवा हॉटेलच्या डॉक्टरांनी फोनवर "द्या" म्हटलं तरच द्यायची, आणि कोणी, किती वाजता सांगितलं ते लिहायचं.

बोलता बोलता मॅडमकडून चार गोष्टी काढून घ्या: आधीचा कुठला आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, शेवटचं खाणं कधी. औषधांच्या पट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढा, नावं उच्चारत बसू नका. आणि मॅडमना सोडून जाऊ नका. "काही होणार नाही" असं वचन द्यायचं नाही. "अँब्युलन्स निघाली आहे, पंधरा मिनिटांत येते, मी इथेच आहे" एवढं खरं आहे, तेवढंच सांगा.

बोलणं थांबलं तर

२ वाजून ५५. गेस्टची मान एका बाजूला पडते.

खांद्यांना हलवून मोठ्याने हाक मारा: "सर! सर, ऐकू येतंय का?" उत्तर नाही. छातीकडे बघा, ती वरखाली होतेय का. दहा सेकंदांपेक्षा जास्त बघत बसू नका. इथे नवीन माणसाची सगळ्यात मोठी फसगत होते. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस मधूनच आचके देतो, घोरल्यासारखा आवाज येतो. लोकांना वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नसतो. नीट, एकसारखा श्वास दिसत नसेल तर श्वास नाही असंच धरा. नाडी शोधत बसू नका, शिकलेल्यांनाही ती घाईत नीट सापडत नाही.

ओरडून रिसेप्शनला सांगा: "श्वास थांबलाय, सीपीआर सुरू करतोय, १०८ ला कळवा." हॉटेलात एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशीन असेल तर ते मागवा. मग गेस्टला खाली जमिनीवर घ्या. हॉटेलच्या मऊ गादीवर दाब छातीऐवजी गादीला बसतो. एकट्याने उचलता येत नसेल तर चादरीसकट ओढून खाली घ्या, डोकं सांभाळा.

सीपीआर म्हणजे छाती दाबत राहणं. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या म्हणजे मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा ठेवा, दुसरा हात त्यावर, बोटं गुंतवा. कोपर सरळ, खांदे हाताच्या बरोबर वर. छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असा दाब द्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ दोन. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. ज्यांनी शिकून घेतलं आहे ते ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास देतात. ज्यांनी शिकलेलं नाही त्यांनी फक्त दाबत राहावं. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात काही मिनिटांचा प्राणवायू शिल्लक असतो, तो मेंदूपर्यंत फिरवत ठेवणं हेच तुमच्या हाताचं काम. बरगडी कडकन वाजली तरी थांबू नका. ते होतं, आणि बरगडी जुळते.

दोन मिनिटांत माणूस दमतो, पण ते त्याच्या लक्षात येत नाही. दाब मात्र उथळ होत जातो. म्हणून दमायची वाट न बघता दर दोन मिनिटांनी बदली करा. इथे खोलीत मुलगा एकटा आहे, म्हणून शेजारच्या ३०६ चं दार वाजवा, मॅडमना सांगा, कॉरिडॉरमधल्या गेस्टला बोलवा. "सर, माझ्यासारखं दाबा" म्हटलं की लोक करतात. एईडी आलं तर ते चालू करा आणि आवाज सांगेल तसं वागा. शॉक द्यायचा की नाही हे मशीन ठरवतं, गरज नसेल तर ते देतच नाही. पॅड लावण्याआधी छातीवरचा घाम टॉवेलने पुसा.

अँब्युलन्सचे डॉक्टर ताबा घेईपर्यंत किंवा गेस्ट हालचाल करून नीट श्वास घेईपर्यंत दाबत राहायचं.

गेस्ट बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, असंही होतं. तेव्हा छाती दाबायची नाही. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि श्वासावर नजर ठेवा. फिट आली असेल तर आजूबाजूच्या खुर्च्या बाजूला करा, डोक्याखाली उशी सरकवा, घड्याळ बघा. हात-पाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायला कोणी पुढे आलं तर त्याला नम्रपणे मागे करा. त्याने फिट थांबत नाही, आणि त्या गडबडीत श्वासाकडे दुर्लक्ष होतं.

मधुमेहाचा गेस्ट थरथरत असेल, घामेजला असेल, बोलण्यात गोंधळत असेल, पण गिळू शकत असेल, तर अर्ध्या पेल्या पाण्यात तीन-चार छोटे चमचे साखर घालून द्या. पेय देण्याचा हा एकच अपवाद. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरही घालायची नाही.

गेटपासून खाटेपर्यंत

हे वॉचमन मामांचं काम, आणि त्यात अर्धी लढाई असते. फोन गेल्याबरोबर गेट पूर्ण उघडायचं, पोर्चमध्ये लावलेली गाडी हलवायची, पोर्चचे सगळे दिवे लावायचे आणि टॉर्च घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. सायरन ऐकू आला की टॉर्च हलवायचा. लिफ्ट खाली आणून दार उघडं धरून ठेवायचं, त्यासाठी दारात खुर्ची ठेवा.

लिफ्टबद्दल एक कडू आठवण आहे. आमच्याकडे एका पहाटे अँब्युलन्स वेळेत आली, आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरेना. सहा माणसांची लिफ्ट, स्ट्रेचर तिच्यापेक्षा लांब. आम्ही ते आडवं-उभं करत बसलो, शेवटी जिन्याने नेलं, तिथेही वळणावर कुंडी आडवी होती. ते गेस्ट वाचले, पण ती सहा-सात मिनिटं मी विसरलेलो नाही. त्याच आठवड्यात टेप घेऊन लिफ्ट, जिना आणि कॉरिडॉर मोजले. तुम्हीही आज मोजा. स्ट्रेचर साधारण दोन मीटर लांब असतं. ते लिफ्टमध्ये मावत नसेल तर रिसेप्शनच्या कार्डावर ठळक लिहा: "स्ट्रेचर जिन्याने, मागच्या बाजूच्या." आणि १०८ ला फोनवरच सांगा, म्हणजे ते खुर्चीसारखं स्ट्रेचर किंवा जादा माणूस घेऊन येतील.

३ वाजून ८. डॉक्टर खोलीत. त्यांना गोष्ट सांगत बसू नका, वेळा सांगा: दडपण सव्वादोनच्या सुमारास सुरू, २:५५ ला बेशुद्ध, लगेच सीपीआर सुरू, मध्ये खंड नाही, औषधं ही, ॲलर्जी नाही. एवढं ऐकायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्यावर पुढची सगळी ट्रीटमेंट उभी राहते.

गाडी गेल्यावर

मॅडम गाडीत चढताना गोंधळलेल्या असतात. एका पिशवीत त्यांच्या हातात द्या: आधार कार्ड, इन्शुरन्सचं कार्ड, औषधं, चष्मा, मोबाइलचा चार्जर, स्वेटर, थोडे पैसे. शक्य असेल तर स्टाफमधलं कोणी तरी मागे हॉस्पिटलपर्यंत जाऊ द्या. परगावच्या माणसाला केसपेपर कुठे काढायचा हेही माहीत नसतं. खोलीतलं बाकी सामान दोघांसमोर यादी करून कुलपात ठेवा. बिलाचा विषय त्या रात्री काढायचा नाही.

गेस्ट गेल्यासारखा वाटला तरी "वारले" हा शब्द स्टाफने उच्चारायचा नाही. ते डॉक्टर सांगतात. डॉक्टरांनी मृत्यू घोषित केला तर खोलीतली एकही वस्तू हलवू नका, दार बंद करून पोलीस ठाण्याला कळवा आणि ते येईपर्यंत दाराशी माणूस ठेवा. ग्लास धुवायचा नाही, चादर बदलायची नाही, कचऱ्याची बादली रिकामी करायची नाही.

इतर गेस्ट विचारतील. उत्तर एकच: "एका गेस्टना बरं नव्हतं, त्यांना हॉस्पिटलला नेलंय." नाव, खोली, आजार काही सांगायचं नाही. फोटो, व्हिडिओ, ग्रुपवर मेसेज अजिबात नाही. तुमच्या वडिलांचा तसा फोटो फिरला तर कसं वाटेल, एवढं मनात ठेवा.

रिपोर्ट त्याच रात्री लिहा, मराठीतच लिहा. वेळ, कोणी पाहिलं, कोणी काय केलं, कोणाला फोन केला. अंदाज लिहू नका. "हार्ट अटॅक आला" असं नाही, तर "छातीत दडपण असल्याचं मॅडमनी सांगितलं, २:५५ ला प्रतिसाद थांबला" असं. तिघांच्या सह्या घ्या.

आणि ज्या मुलाने तेरा मिनिटं छाती दाबली, त्याला सकाळी तीच ३०७ झाडायला पाठवू नका. त्याला चहा द्या, मॅनेजरने त्याच्याजवळ बसावं, हॉस्पिटलमधून काय कळलं ते त्याला आधी सांगावं, चांगलं असो की वाईट. मग त्याला घरी सोडा.